नाथामामांची शेवटची सूचनावही

खोपटच्या शाळेत सूचनावही फिरवायची ती नाथामामांनीच. एकतीस वर्षं हाच शिपाई वर्गावर्गांत वही धरून उभा राहतो आणि मास्तर लोक न वाचता सही ठोकतात. "काय आहे मामा?" असं विचारलं की झालं. सूचना वाचतो तो एकटा नाथा! त्यामुळे शुक्रवारची वही हातात येताच त्याने ती दोनदा वाचली.

मुख्याध्यापिका विनिता मॅडमनी लिहिलं होतं: शनिवारी ३१ ऑक्टोबरला शाळेच्या इमारतीत निवडणुकीचं प्रशिक्षण असल्याने सत्र परीक्षेचा शेवटचा पेपर आता सोमवारी, २ नोव्हेंबरला होईल. बाकी पेपर आहेत तसेच. सर्वांनी नोंद घेऊन सही करावी.

आता एकतीस तारखेला नाथा निवृत्त होणार होता. पंधरा दिवसांपूर्वी रुपालीबाई म्हणाल्या होत्या, "मामा, शेवटच्या पेपरनंतर तुमचा कार्यक्रम हां." बायको गेल्यापासून टिटवाळ्याच्या खोलीत त्याचं कौतुक करायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून त्याने पुण्याहून प्रफुल्लला मुद्दाम बोलावलं होतं. बाप शाळेत काय करतो, ते पोराने एकदा तरी बघावं, एवढीच त्याची हौस. नवा शर्टही शिवून झाला होता.

कार्यक्रम सोमवारी ठेवला असता तरी चाललं असतं, पण तसं कोणीतरी म्हणायला हवं होतं.

"काय आहे मामा?" रुपालीबाईंनी फळ्याकडे बघतच सही केली.

"शनिवारचा पेपर सोमवारी गेला, बाई."

"अगं बाई! सोमवारी तर आमचं कोकणातून परतीचं तिकीट होतं."

नाथा क्षणभर दारात रेंगाळला. आता आठवेल, मग आठवेल. बाई तिकिटाचंच बोलत राहिल्या. तेवीस सह्या झाल्या, तेवीसजणांना आपापल्या अडचणी आठवल्या. आपला सत्कार आपणच मागायचा? मेलो तरी नाही, असं त्याने ठरवलं. डोळे मात्र भरून आले, ते त्याने बाहीला पुसले.

शेवटी पर्यवेक्षक मितेश सर. ते कामाचा तक्ता दुरुस्त करत होते.

"नाथा, सोमवारी साडेसातला पहिली घंटा. वेळेवर ये."

"सर, सोमवारी मी नसेन."

"आता रजाबिजा काही मिळणार नाही. परीक्षा आहे," सर मान वर न करता म्हणाले.

"रजा नाही, सर," नाथा म्हणाला. त्याने वही पुढे केली. सरांनी सही करून वही परत दिली.

शिपायांची ओळ सगळ्यांत खाली असते. तिथे त्याने सावकाश सही केली, वही कपाटात ठेवली आणि व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"प्रफुल्ल, उद्या येऊ नकोस रे. परीक्षेचं वेळापत्रक बदललंय."

"बरं झालं, बाबा. मला सुट्टी मिळतच नव्हती."