जपमाळेवरचं फ्रेंच

जबलपूरला, अधारतालच्या घरी, पुढच्या खोलीत मी फ्रेंच शिकवते. माझा स्वभाव तापट आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. गेल्या वर्षी कॅनडासाठीच्या तोंडी परीक्षेची तयारी करायला एक सून यायची. नवरा दोन वर्षांपासून मॉन्ट्रियलला. ही पास झाली तरच हिचे कागद पुढे सरकणार होते. सोबत सासूबाई यायच्या, हातात जपमाळ.

चूक माझीच. सून तुटक तुटक बोलायची, म्हणून मी चिडून म्हणाले, "प्रत्येक उत्तरात जोडणारे शब्द हवेत. कमीत कमी दहा!" चार शब्द भिंतीवर चिकटवले. आँ नेफे म्हणजे खरोखरच, पुर्तां म्हणजे तरीही, दायर म्हणजे शिवाय, एंसी म्हणजे अशा रीतीने. सासूबाईंनी अर्थाकडे लक्ष दिलं नाही, आवाज मात्र पक्के पकडले. शब्द आला की मणी सरकायचा.

मग काय विचारता! सून फ्रेंचमध्ये म्हणायची, "मी जबलपूरला राहते. तरीही माझे सासरे फॅक्टरीत होते. अशा रीतीने मला वांगी आवडत नाहीत." मी कपाळावर हात मारून घ्यायचे आणि सासूबाई खूश. "आज सतरा झाले, मॅडम!" एकदा तर त्यांनी पेढे आणले.

परीक्षा चार दिवसांवर आली. मॉन्ट्रियलला का जायचंय, मी विचारलं. सून म्हणाली, "खरोखरच नमस्कार. शिवाय माझा नवरा." माझा पारा चढला. सासूबाईंच्या हातातली माळ मागून घेतली आणि म्हणाले, "आता तुम्हीच विचारा, काकू. मराठीत."

"काहून चालली तू तिकडे?"

सून खाली बघत म्हणाली, "मला इथंच बरं वाटते, आई. तरी जाणार. ते तिकडं एकटेच जेवून राहिले ना."

"हेच फ्रेंचमध्ये बोल," मी म्हणाले.

ती बोलली. मला इथं बरं वाटतं. पुर्तां मी जाणार आहे. आँ नेफे, ते रोज एकटेच जेवतात. अडखळली नाही, भिंतीकडे बघितलंही नाही. मला भरून आलं, अगदी खरं सांगते.

सासूबाईंची बोटं रिकामीच हलत होती. "दोनच?"

"दोनच पुरे."

"पुर्तां म्हणजे काय हो?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं, तरीही.

सून पास झाली, थंडीत गेलीसुद्धा. सासूबाई अजून शिकवणीच्या वेळेला, चार वाजता येतात आणि त्याच खुर्चीत बसतात. काल मी विचारलं, सुनेचा फोन येतो का?

"येते ना. दोघं सोबत जेवतात आता. अच्छा झालं," त्या म्हणाल्या. "पुर्तां..."

हातातल्या माळेचा मणी मात्र सरकवला नाही.