घाईत बडवलेला वळू

कोंडाण्यात साऱ्या गावच्या गायींसाठी एकच वळू, तो आमच्या दारी होता. त्याचा गोठा वेगळा, हवेशीर. वेसणीला लांब बांबू, आणि त्याच्याकडे कधी पाठ करायची नाही, हा वडिलांचा दंडक. अंगावर चरबी चढू नये म्हणून मी त्याला रोज ओढ्यापर्यंत चालवून आणी.

एका आषाढात त्याला लाळ्या-खुरकताचा ताप आला. बरा होऊन तो पुन्हा गायींवर उडू लागला, पण गाय गाभण राहत नसे, तीन आठवड्यांत प्रत्येक गाय परत माजावर येई. लोक मलाच बोलत. वडील म्हणाले, "थांब रं. तापानं बी मेलंय त्याचं. नवं धरायला दोन-तीन महिने लागतील." मला कुठला धीर! दिवाळीच्या तोंडावर मी त्याला बडवून, खच्ची करून बैल केला.

त्याआधीच्या आठवड्यात ज्या दोन गायींवर तो उडाला होता, त्या मात्र पुन्हा माजावर आल्या नाहीत. पुढच्या आषाढात त्या व्याल्या.

दुसरं वासरू जन्मलं त्या दिवशी तो बैल माझा नांगर ओढत होता. आता त्याच्याकडे पाठ केली तरी चालत होतं. त्याच्या समोर जाऊन उभं राहणं तेवढं मला जमत नव्हतं.