वशिला आणि ओळख

परक्या गावी पोटासाठी गेल्यावर तुम्ही आधी कुणाचं दार ठोठावता?

मी कुणाचंच ठोठावणार नव्हतो. वशिलेबाजीवर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं, स्वतः छापून वाटलंही होतं. सोलापुरात आल्यावर मी एकेका छापखान्यात जाऊन काम मागितलं. सगळीकडे नकार मिळाला. दिवाळीपर्यंत जम बसला नाही, तर परत येऊन मामाच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. दुकानात बसलो की लिहिणं संपलं, हे मला कळत होतं.

निघताना हेडमास्तर म्हणाले होते, "आपल्या शाळेची जुनी मुलं तिथं महिन्याच्या पहिल्या रविवारी जमतात. जाऊन ये." शेवटी गेलो.

एका गिरणीतल्या कारकुनाच्या घरी सातआठ जण चहा पीत बसले होते. नव्याने आलेल्याने आपण कोणत्या मास्तरांची छडी खाल्ली ते सांगायचं, अशी तिथली रीत. मी ते सांगितलं, आणि लगेच खिशातलं पत्रक काढून प्रत्येकाच्या हातात ठेवलं. "मला कुणाचा वशिला नको," असंही म्हणालो.

कारकून पत्रक शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "अरे, वशिला लावायला आमच्याकडं हाय काय? आमचीच नोकरी साहेबाच्या मर्जीवर. तुला काय येतं ते सांग की."

"प्रुफं तपासता येतात."

"मग आल्याआल्या हेच बोलला असतास तर?" कोपऱ्यातले वकिलांचे गुमास्ते म्हणाले. "आमचे कागद छापणाऱ्याचा तपासनीस गेल्याच आठवड्यात सोडून गेला. उद्या जा. माझं नाव सांग."

"म्हणजे वशिलाच झाला."

"नावानं तो तुला आत बसवील. चुका मी येऊन काढणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकाने माझ्यापुढे ओलं प्रूफ टाकलं आणि तपासून झाल्यावर माझ्या खुणा ओळीओळीने पाहिल्या. मग महिनाभर ये, बघू, म्हणाला. मी राहिलो. गुमास्त्यांना जाऊन सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता तुझ्या छापखान्यात जागा निघाली की रविवारी सांगत जा."

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. त्या बैठकीत सगळे मॅट्रिक झालेले होते. माझ्या वर्गातला एक विणकराचा मुलगा पाचवीनंतर शाळा सोडून याच गावात आला होता, त्याला कुणी निरोप दिला नव्हता. पुढच्या रविवारी मी हे बोललो. मग कारकून म्हणाले, "छडी त्यानंही खाल्लीच की. आण त्याला."

तो आला तेव्हा संकोचून दाराशीच बसला. त्याच्याकडे पाहताना वाटलं, हेडमास्तरांचा निरोप मला नसता मिळाला, तर मीही आज मामाच्या दुकानात असतो.

तुमच्या गावातही तुमच्या शाळेचं कुणीतरी असेल, ज्याला अशी बैठक भरते याची खबरच नाही. या महिन्यात त्याच्या घरी जा आणि त्याला सोबत घेऊन या.