वर सरकलेले शेरे

परभणीत बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी झरी गावाकडची एक बाई सातवी झालेल्या लेकीला घेऊन आली. मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म भरायचा होता आणि उद्याच शेवटची तारीख. मूळ प्रगतिपत्रक उंदरांनी कुरतडलेलं, शाळा बंद. मोबाइलमध्ये फोटो तेवढा होता, जरा तिरका.

फॉर्ममध्ये तक्ता होता: विषय, गुण, श्रेणी, शिक्षकांचा शेरा. फोटोही सोबत जोडायचा होता. मी एकेक ओळ सरळ रेषेत वाचत भरत गेले. मराठी, हिंदी, मग इंग्रजी त्रेसष्ट, ब-२. शेरा, 'लक्ष लागत नाही. गप्प बसते.'

मुलगी पडद्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "मॅडम, हे इंग्रजीचं न्हाई. इंग्रजीच्या तासाला मी लय बोलते."

मी फोटोत खाली पाहिलं. शेवटच्या शारीरिक शिक्षणाच्या ओळीपुढं शेरा नव्हताच, आणि मराठीचा शेरा वर, मथळ्याच्या पट्टीला जाऊन टेकला होता. फोटोची उजवी बाजू वर उचललेली. गुण आणि श्रेणी विषयांच्या जवळ असल्यानं बरोबर उतरल्या होत्या. टोकाचे शेरे मात्र एकेक ओळ वर सरकले होते. फोटो फिरवून सरळ केला. गप्प बसण्याचा तो शेरा गणितापुढं आला. गुण चव्वेचाळीस, क-२.

आईनं विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. तिचा चेहरा पडला. "तेवढं सोडून द्या की ताई. असलं वाचून कोण घेईल पोरीला?"

"रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं जात नाही. आणि फोटो त्यांच्यासमोर असणारच, मावशी."

"मग चांगलं कायतरी लिवा."

मला नाही म्हणताना जड गेलं.

"राहू दे आई," मुलगी म्हणाली. "खरं हाय ते. गणित बाबा शिकवायचे."

आई तिच्याकडे वळली. दिवाळीनंतर नवरा गेल्याचं तिनं मला आल्या आल्या सांगितलं होतं, इतर माहितीसारखंच, वडिलांच्या रकान्यासाठी. "मला कधी बोलली न्हाईस," ती म्हणाली.

"तू रडायचीस म्हणून."

सगळे शेरे मी पुन्हा भरले, तिघींनी मिळून एकेक ओळ ताडून पाहिली आणि फॉर्म पाठवला.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत आलं. यादीची प्रिंट न्यायला आई एकटीच आली. मी म्हटलं, "झालं ना मनासारखं?"

"झालं की," ती म्हणाली, आणि बाकावर बसली. "पण ती तिकडं गेल्यावर घरात मी कुणाशी बोलू, ताई?"

मी तिला पाणी दिलं.