तिसरा पट्टा

नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. लेझर नवा आला होता आणि त्याचा मला भारी तोरा होता. दोन बारीक फटींतून प्रकाश सोडायचा, भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे पाडायचे आणि मधल्या पट्ट्यापासून पहिल्या पाच उजळ पट्ट्यांची अंतरं मोजायची, असं ते प्रॅक्टिकल होतं.

त्या वर्षी त्या दोन फटी कोरलेली पट्टीही नवी आली. दिघ्याहून येणाऱ्या एका मुलीच्या जर्नलमध्ये तिसऱ्या पट्ट्याची ओळ कोरी होती. मी लाल शाईने लिहिलं, 'अपूर्ण. पुन्हा करा.' तिने पुन्हा केलं, ओळ कोरीच.

"सर, तिथं काळोखच हाय. दुसरा दिसतो, चौथा दिसतो."

"सगळ्यांना दिसतो, तुलाच नाही? डोळे तपासून घे!"

वर्ग हसला. सगळ्यांना दिसत होता म्हणजे काय, तर सगळ्यांनी दुसऱ्या आणि चौथ्याच्या बरोबर मधला आकडा भरून टाकला होता. शेवटी तिनेही भरला. मी सही केली.

परीक्षेत तिच्या वाट्याला तोच प्रयोग आला. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, घाई नसलेले. तिच्या मांडणीत त्यांनी डोकावून पाहिलं, मग उत्तरपत्रिकेत. या वेळी तिसरी ओळ भरलेली होती.

"फटीची रुंदी किती?"

"शून्य पूर्णांक एक मिलिमीटर."

"दोन फटींच्या मध्यांतलं अंतर?"

"शून्य पूर्णांक तीन."

"बरोबर तिप्पट. म्हणजे तिसरा पट्टा जिथे पडायचा, तिथेच प्रत्येक फटीचा स्वतःचा प्रकाश शून्य होतो. दोन्ही फटींकडून काहीच येत नसेल, तर उजेड कुठून येणार? तिसरा नाही, सहावा नाही. मग हे रीडिंग तू कुठून आणलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

'मिसिंग ऑर्डर्स', म्हणजे हेच गायब होणारे पट्टे, मी दरवर्षी फळ्यावर शिकवायचो. गुणोत्तर तीन असेल तर तिसरा, सहावा, नववा गायब. पाच मार्कांची हमखास टीप म्हणून मुलांकडून घोकून घ्यायचो. नव्या पट्टीवर छापलेले फटींच्या मापांचे आकडे मात्र मी कधी वाचलेच नव्हते. "चूक माझी आहे," एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण समोर परक्या कॉलेजचा माणूस आणि मागे माझेच विद्यार्थी. त्यांनी 'बनावट रीडिंग' असा शेरा मारून मार्क कापले आणि खाली मीही सही केली. या सहीची मला आजही लाज वाटते.

परीक्षा संपल्यावर ती व्हरांड्यात थांबली होती. रडत नव्हती. एम.एस्सी. करायचंय, असं तिने मला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि त्या मार्कांनी तिची प्रवेशाची वाट अडली हे आम्हा दोघांनाही समजत होतं.

"सर, मी आधी बरोबर लिव्हलं होतं ना?"

आम्ही दोघंच होतो. तेव्हा तरी हो म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती.

"पुढच्या वेळी नीट बघून लिही," मी म्हणालो.