निरोपाच्या व्हिडिओतलं शेवटचं वाक्य

सुदामकाका गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही ऑफिसची माणसं देवगाव फाट्यावर चहाला थांबलो होतो. फोन काकूंचाच. "गेले, बाई," एवढंच म्हणाल्या... बाकीच्यांचा विश्वासच बसेना. शेती बघायची म्हणून कंपनी सोडून पेडगावला गेलेला ठणठणीत माणूस असा कसा जाईल? मला मात्र धक्का बसला नाही. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, की हा माणूस शेवटपर्यंत आपलंच खरं करून गेला.

परभणीच्या आमच्या बियाणे कंपनीत काका गावोगाव शेतकऱ्यांच्या बैठका घ्यायचे आणि मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. आजाराचं त्यांनी ऑफिसात मला एकटीलाच सांगितलं होतं, तेही नाइलाजानं, कारण तपासणीच्या दिवशी त्यांच्या गावभेटी कुणीतरी करायला हव्या होत्या. "कुनाला बोलायचं न्हाई. लोकं तोंड बारीक करून बघतेत, ते मला लय जड जातंय," असं त्यांनी बजावलं. मी शब्द दिला. मग शेतीचं कारण सांगून त्यांनी नोकरी सोडली तेव्हा निरोपाचा व्हिडिओ करायचं ठरलं, आणि माझी जीभ चालते म्हणून त्याचं लिखाणही माझ्याच गळ्यात पडलं.

असा व्हिडिओ लिहिणं सोपं वाटतं, पण नसतं. कागदाच्या डाव्या बाजूला काय दिसणार ते, उजव्या बाजूला कोण काय बोलणार ते. प्रत्येकाला दोनच वाक्यं, नाहीतर प्रत्येक जण भाषण ठोकतो. फोन आडवा धरायचा, शेतात वाऱ्याकडे पाठ करायची. आधी लहानसा किस्सा, मग पोट धरून हसवणारा, आणि हसू ओसरलं की गाणं बंद करून एकानं कॅमेऱ्यात बघत मनातलं एकच वाक्य बोलायचं. पहिला किस्सा आमच्या ऑफिसच्या साहेबांनी स्वतःच सांगितला. येलदरीच्या बैठकीत माइक चालू आहे हे विसरून काका पुटपुटले होते, "साहेबाचं भाषन संपंस्तोवर कापूस वेचायला येतोय," आणि ते अख्ख्या गावानं ऐकलं.

घोडं अडलं दुसऱ्या किश्श्यावर. ह्याच देवगाव फाट्यावर काका चुकून दुसऱ्याच कंपनीच्या पांढऱ्या जीपमध्ये बसले, तिथंच गाढ झोपले आणि थेट मंठ्याला जाऊन जागे झाले. सगळ्यांना हवा होता तो हाच किस्सा. पण ती झोप आजाराच्या औषधांची होती, ते मला ठाऊक होतं. मी तो कापला. लगेच कुरकुर सुरू झाली, "का म्हनून? एवढा भारी किस्सा!" मला कारण सांगता येईना. मी उगाचच सगळ्यांवर खेकसत होते.

काकांना कुठून कुणकुण लागली देव जाणे. ते माझ्या टेबलाशी आले, कागद ओढून वाचला. "जीपचा किस्सा का काढून टाकलास?" ते हळूच म्हणाले. "काढला की लोकं इचारतेत. घाल परत. आन् मला बी हासायचंय की, पोरी." मग शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. साहेबांनी लिहायला सांगितलं होतं, 'लवकर भेटायला या, आम्ही वाट बघतोय.' काका म्हणाले, "हे काढ. मला खोटं वचन द्यायला लावू नको."

ते वाक्य मलाच बोलायचं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी साहेब समोर उभे, सगळे गोळा झालेले, आणि कागदावर तेवढी जागा कोरी. खरं बोलले तर गुपित फुटणार, साहेबांचं बोलले तर खोटं ठरणार. साहेब म्हणाले, "अगं, बोल ना, काय बोलायचं ते सांगितलंय की!" मी कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही सोबत होतात म्हणून मला कुठल्याच गावात शिरायची भीती वाटली नाही." साहेब जरा नाराज झाले. पण निरोप समारंभात ते वाक्य आलं तेव्हा, जीपच्या किश्श्याला खो-खो हसलेले काका चष्मा पुसत बसले. ते नुसतेच चष्मा पुसतायत, असंच सगळ्यांना वाटलं.

परवा पेडगावला गेले. गुडघ्यांमुळे काकू त्या समारंभाला आल्या नव्हत्या. त्यांनी काकांचा फोन माझ्या हातात दिला. व्हिडिओ थांबवलेला, पडद्यावर मी, तोंड उघडून बोलायच्या बेतात... "रोज लावायचे," काकू म्हणाल्या. "जीपपातूर हासायचे, आन् तू आलीस की बंद करायचे. म्हनायचे, शेवट ऐकला की संपलं, ऱ्हाऊ दे तेवढं. काय म्हनलीस गं तू, मला अजून ठाव न्हाई."

फोन चालू करायचं माझ्या जिवावर आलं. मी फोन खाटेवर ठेवला आणि तेच वाक्य काकूंना तोंडानं सांगितलं.

काकूंनी खाटेवरचा फोन उचलून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "मला बी भीती न्हाई वाटली कदी."