नऊ ग्रॅमला पन्नास मिली कमी

गुंद गावच्या झिलू वेळीपला मी चाळीस वर्षं ओळखतो. जत्रेत आमचं नाटक असलं की पडदा ओढायला तोच असायचा. मी पुढे गर्जना करायचो, टाळ्या घ्यायचो. झिलू बाजूला दोरी धरून उभा असायचा आणि नेमक्या क्षणाला ओढायचा. एवढ्या वर्षांत एकदाही पडदा अडकला नाही, की आधी पडला नाही. बाकी वेळ त्याचं भातशेत, चार मिऱ्याचे वेल आणि वनखात्याची मजुरी. माणूस इतका कमी बोलणारा की त्याच्या घरी बोलायचं काम त्याच्या बायकोने, केशरवहिनींनी अंगावर घेतलेलं.

त्याच्या लेकीचं, राखीचं लग्न बाजारकुणंगच्या अक्षयशी ठरलं, तेव्हा बोलणी करायला त्याने मला नेलं. "मास्तर, तुमी बोला. माझ्या तोंडातनं शब्द निघत न्हाईत."

आणि मी बोललो. देवानं आवाज दिला आणि सत्तराव्या वर्षीही तो काढून घेतला नाही, हेच चुकलं. मुलाचे चुलते महाबळेश्वर समोर बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "पोरीच्या गळ्यात काय घालणार?"

झिलू म्हणाला, "जमंल ते."

मला ते फार लाजिरवाणं वाटलं. 'जमेल ते' हे काय वाक्य झालं? मी मांडी सोडून उठलो. "जमेल ते नव्हे! एक तोळा! झिलू वेळीपच्या लेकीच्या गळ्यात एक तोळ्याचा हार!" खोलीभर आवाज घुमला. बायका दाराशी आल्या. झिलूने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि मान डोलावली. झालं. शब्द माझा, पण तो आता त्याचा झाला होता.

परतताना त्याने विचारलं, "मास्तर, तोळ्याला किती पडंल?"

मी सकाळचाच पेपर वाचला होता. बावीस कॅरेट, दहा ग्रॅमला एकोणनव्वद हजार. "हजारभर वाढलं तरी नव्वदात बसतंय बघ," मी म्हणालो. वाढही धरली म्हणून मला माझंच कौतुक वाटलं.

यात एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पूर्वी सोनार घरी यायचा. सोनं आपलं, फुंकणी त्याची. ओसरीवर बसून तो दागिना घडवायचा आणि मजुरी म्हणून भात घेऊन जायचा. त्यामुळे सोन्याची किंमत म्हणजे सोन्याचं वजन, एवढंच आमच्या डोक्यात. बायकोबरोबरही मी कधी सराफाची पायरी चढलो नाही, आणि रंगभूमीवर घातलेले हार सगळे पितळेचे. तरी सल्ला मात्र मी दिला.

झिलूने दोन वर्षांची मिरी विकली, मजुरीचे साठवलेले पैसे काढले आणि मोजून नव्वद हजार घेऊन मे महिन्यात आम्ही तिघं रामनगरला गेलो. मी, तो आणि केशरवहिनी. सराफ सुदेश पस्तिशीचा, खानापूरकडचा. मला ओळखून उठून उभा राहिला. "या मास्तर! माझ्या आज्जानं तुमची सगळी नाटकं बघितलीयत." म्हणून मी आणखी ताठ झालो.

नक्षीचा एक हार वहिनींच्या मनात भरला. काट्यावर बरोबर दहा ग्रॅम. सुदेशने कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवून हिशोब केला, जेणेकरून आम्हाला दिसेल. "आजचा दर ग्रॅमला नऊ हजार. दहा ग्रॅमचे नव्वद हजार."

मी झिलूच्या खांद्यावर थाप मारली. "बघ! काय म्हणालो होतो?"

सुदेश थांबला नाही. "घडणावळ बारा टक्के, दहा हजार आठशे. झाले एक लाख आठशे. त्यावर जीएसटी तीन टक्के, तीन हजार चोवीस. एक लाख तीन हजार आठशे चोवीस. हॉलमार्कचे त्रेपन्न रुपये वेगळे."

झिलूचा हात सदऱ्यातल्या पिशवीवर होता. तो तिथेच राहिला.

वहिनींनी माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, तुमच्या पेपरात मजुरी छापत न्हाईत व्हय?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी ऐकलं. खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं की माझी चूक झाली. तीन शब्द. पण चूक कबूल करायची भूमिका मला कोणी दिलीच नव्हती. मी हात उंचावून सुदेशवर तुटून पडलो. "ही लूट आहे! गरिबाच्या लेकीच्या गळ्यातून चौदा हजार काढतोस? पेपरात दर छापला आहे, तो काय खोटा?"

सुदेशचा चेहरा उतरला. "मास्तर, तो सोन्याचा दर. दागिना कुणीतरी बसून घडवलाय की. कारागिराची नक्षी हाय ही. आणि टॅक्स मी माझ्या घरी नेत न्हाई, भरतोय."

"मग टॅक्स सोड! साध्या चिठ्ठीवर लिही!"

आता झिलू बोलला. "न्हाई. पक्कं बिल पायजे."

"अरे झिलू, तीन हजार वाचतात!"

"मास्तर, माझ्याच रानातला साग, पण वनखात्याचा पास न्हाई तर नाक्यावर मी चोर. कागद न्हाई तर माझं ते माझं न्हाई. उद्या पोरीवर येळ आली, मोडायला गेली, तर ती काय दाखवील?"

सुदेशने मान हलवली. "तसं पण मी बिलाशिवाय देत न्हाई, मामा." त्याने हाराच्या कडीवर बारीक कोरलेला शिक्का आणि सहा अक्षरांचा नंबर भिंगातून झिलूला दाखवला. झिलूने एक डोळा मिटून तो बराच वेळ बघितला. मिऱ्याचा दाणा पारखतो तसा.

मग त्याने पिशवी काऊंटरवर ठेवली. "शेट, ह्यात नव्वद हाईत. ह्यात सगळं बसलं पायजे. मजुरी पण, टॅक्स पण."

"मग नक्षी नको, मामा. मशीनची साधी साखळी बघा. घडणावळ आठ टक्के."

वहिनींनी हार काऊंटरवर ठेवला. ठेवताना त्याची नक्षी एकदा बोटाने चाचपली. मी दुसरीकडे बघितलं.

एक साखळी जड निघाली, एक फार बारीक. तिसरी आठ ग्रॅम नऊशे पन्नास मिली, म्हणजे मिलिग्रॅम. सुदेश पुन्हा सावकाश बोलत गेला. सोन्याचे ऐंशी हजार पाचशे पन्नास. घडणावळ सहा हजार चारशे चव्वेचाळीस. दोन्ही मिळून शहाऐंशी हजार नऊशे चौऱ्याण्णव, त्यावर टॅक्स दोन हजार सहाशे दहा. हॉलमार्क धरून एकोणनव्वद हजार सहाशे सत्तावन्न.

"बसलं," झिलू म्हणाला.

मी बोटातली अंगठी ओढायला लागलो. "ही घे. मोडीत घालून तोळा पुरा कर. मी बोललो होतो, मीच भरतो." अंगठी सांध्याला अडकली होती. निघेना.

झिलूने माझा हात धरून खाली केला. "ऱ्हाऊंद्या. तुमचं बोट रिकामं करून माझा शब्द भरायचा व्हय? बोललाव तुमी, पण मान मी डोलावली."

वहिनी मात्र सोडणाऱ्या नव्हत्या. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरून त्या म्हणाल्या, "मास्तर, पुढच्या येळी बोलायच्या आधी शेटला फोन करा. मग हात वर करा." झिलू हसला. मीही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

त्या आठवड्यात मी तीनदा ठरवलं की बाजारकुणंगला जाऊन महाबळेश्वरना सांगावं, दोष माझा, तोळ्याला दीड ग्रॅम कमी पडतंय असं काहीतरी. खरं तर कमी पडत होतं एक ग्रॅम पन्नास मिली. पण लाजेत माणसाला साधा हिशोबही जमत नाही. गेलो नाही.

लग्न गुंदलाच, झिलूच्या अंगणात. आमच्याकडे आहेर पुकारतात. दिलेली वस्तू मांडवात उचलून दाखवायची आणि मोठ्याने सांगायची. पुकारायला अर्थात मी. झिलूने यादी माझ्या हातात दिली आणि साखळीच्या ओळीवर बोट ठेवलं. त्याच्या ओबडधोबड अक्षरात लिहिलं होतं, 'साकळी ८ ग्राम ९५० मिली.' "हे असंच वाचा, मास्तर."

"असंच वाचतो," मी म्हणालो.

मांडव भरला होता. महाबळेश्वर पुढच्या खुर्चीत, बाजूला मुलाची आई इंदुबाई. मी साखळी उचलली. तीनशे डोळे तिच्याकडे. कागद माझ्या डाव्या हातात, आकडा माझ्या डोळ्यांसमोर. ग्रॅम आणि मिली, हे काय पुकारायचे शब्द आहेत? झिलूची मान खाली जाईल. महाबळेश्वर हसतील. मांडवात काटा कोण आणणार आहे?

"मुलीच्या आई-वडिलांकडून," मी म्हणालो, "सोन्याची साखळी... एक तोळा!"

मांडव खूश झाला. कोणीतरी 'वा!' म्हणालं. माझ्या छातीत ती जुनी ऊब पसरली.

"न्हाई."

झिलू उभा होता. जन्मात पहिल्यांदा तो इतक्या माणसांसमोर बोलत होता. "तोळा न्हाई. नऊ ग्रॅमला पन्नास मिली कमी हाय. मी तोळा बोललो हुतो, पण मजुरी आन् टॅक्स मला ठावं नव्हता. हे बिल." त्याने सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि महाबळेश्वरना दिला.

 मी साखळी उंच धरून तसाच उभा. हात खाली घ्यावा हेही सुचलं नाही.

महाबळेश्वरनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत बिल वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, नाटकातला तोळा केवढ्याचा असतोय?"

लोक हसले. झिलू हसला नाही.

इंदुबाई उठल्या. "हसायला काय झालंय? बिलासकट सोनं दिलंय माणसानं. माझ्या बापानं मला दिलं, त्याचं वजन मला अजून ठावं न्हाई." त्यांनी माझ्या वर राहिलेल्या हातातून साखळी घेतली आणि राखीच्या गळ्यात घातली. बिल महाबळेश्वरच्या हातातून काढून तिला दिलं. "पेटीत ठेव गं. साडीच्या घडीत नको, विसरशील."

मी झिलूजवळ गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे. तो हळूच म्हणाला, "माझ्यासाठीच बोललाव, कळलं मला. पण आज खोटं खपलं असतं तर उद्या पोरगीला जल्मभर ऐकाय लागलं असतं."

ते मला सुचलंच नव्हतं. मी झिलूची मान वाचवायला निघालो होतो. राखीची मान मी बघितलीच नव्हती. त्या साखळीला वजन आहे आणि ती कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी काट्यावर घालणारच, एवढं पडदा ओढणाऱ्या माणसाला कळलं होतं.

"मास्तर, पुढचं वाचा," झिलू म्हणाला. "माणसं खोळंबलीत."

यादीत पुढे तांब्याची कळशी होती. मी ती उचलली. "एक कळशी," मी म्हणालो. मागच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगावं लागलं.